पोळा ते महालक्ष्मी: या स्प्रिंटमध्ये किती काम कबूल करावं?

लिंबूझाड
नमस्कार मंडळी. नागपुरात आमची छोटी टीम आहे, चार डेव्हलपर आणि एक टेस्टर. स्प्रिंट दोन आठवड्यांचा. कळमन्यातल्या फळांच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. लॉटची नोंद झाली, शेतकऱ्याच्या उचलीची नोंद होत आली, आता मालाची हिशोबपट्टी करायची आहे.

मागच्या तीन स्प्रिंटमध्ये आम्ही 28, 26 आणि 27 पॉइंट घेतले. पूर्ण झाले 23, 18 आणि 22. उरलेलं दरवेळी पुढे ढकललं जातं, आणि क्लायंट आता प्रत्येक तारखेला "नक्की ना?" असं विचारतो. सोमवारपासूनचा स्प्रिंट तर सणांनी भरलेला आहे. गुरुवारी पोळा (ऑफिस चालू), शुक्रवारी मारबतीची सुट्टी, पुढच्या सोमवारी गणेश चतुर्थीची सुट्टी. त्यानंतर महालक्ष्म्या, म्हणून दोन डेव्हलपर दोन-दोन दिवस आणि टेस्टर बुधवार ते शुक्रवार रजेवर. क्लायंटला मात्र 26 पॉइंट हवेत, कारण आंबिया बहाराची आवक सुरू व्हायच्या आत त्याला पट्टी चालू करायची आहे.

मला असा आकडा हवा आहे जो टिकेल, आणि तो कसा काढला हे क्लायंटला समोर बसून दाखवता येईल. तुम्ही कसा काढता?

सोनेगाव_एक्स्प्रेस
सोपं आहे. माणूस दिवसाला खरं काम सहा तास करतो, त्याच्या 70 टक्के धरायचे, कारण मीटिंग आणि सपोर्ट असतो. एक पॉइंट म्हणजे एक दिवस. माणसं गुणिले दिवस करा, आकडा मिळाला. आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

गोधनी_लोकल
26 कशाले घेता भौ? मागच्या तीन्ही वेळेस जमलं नाही, आता सणात काऊन जमंन? त्याले सरळ 15 सांगा अन् मोकळे व्हा.

रामटेक_वारी
टीमचा वेग वाढवायचा असेल तर आधी स्टँडअप बंद करा. रोजचा अर्धा तास वाचतो. आम्ही बंद केला, कुणाचं काही अडलं नाही.

लिंबूझाड
@रामटेक_वारी, वेग आहे तेवढा मला चालेल. आहे त्या वेगात किती बसेल, एवढंच आधी कळायला हवं.
@गोधनी_लोकल, 15 कदाचित बरोबरही असेल. पण 15 का, असं क्लायंटने विचारलं तर काय सांगू?

फुटाळा
लिंबूझाड, एक माहिती द्या म्हणजे बोलता येईल. त्या तीन स्प्रिंटमध्ये माणसं प्रत्यक्षात किती दिवस हजर होती? डेव्हलपरचे दिवस वेगळे आणि टेस्टरचे वेगळे सांगा. रजा आणि सुट्ट्या वजा करा. मीटिंग आणि सपोर्ट वजा करू नका.

लिंबूझाड
हजेरीपट काढला. डेव्हलपर चौघे मिळून 38, 32 आणि 36 दिवस. टेस्टर 10, 9 आणि 9 दिवस.

फुटाळा
छान. आता तुमचेच आकडे बघा. तीन स्प्रिंटमध्ये डेव्हलपरचे 106 दिवस लागले आणि 63 पॉइंट पूर्ण झाले. म्हणजे एका डेव्हलपर-दिवसाला साधारण 0.59 पॉइंट. प्रत्येक स्प्रिंट वेगळा काढला तरी 0.61, 0.56 आणि 0.61 येतो. म्हणजे ज्या स्प्रिंटमध्ये फक्त 18 झाले तो काही वाईट गेला नव्हता, माणसंच कमी होती. तुमची टीम बऱ्यापैकी स्थिर आहे. कबूल करताना मात्र ती दरवेळी सगळी माणसं दहाही दिवस हजर असल्यासारखी कबूल करते.

येत्या स्प्रिंटला चार डेव्हलपरचे दहा दिवस म्हणजे 40. दोन सुट्ट्यांचे 8 गेले, रजेचे 4 गेले, उरले 28. त्याला 0.59 ने गुणलं की साडेसोळा, म्हणजे 16 धरा. क्लायंटला हजेरीपट आणि हे गणित शेजारी ठेवून दाखवा.

@सोनेगाव_एक्स्प्रेस, तुमच्या पद्धतीत एक गोष्ट योग्य आहे, हजर दिवसांपासून सुरुवात करणं. पण 70 टक्के लावायचेच असतील तर स्टोरी तासांत मोजाव्या लागतात. आधी झालेल्या कामावरून दर काढला असेल, तर मीटिंग आणि सपोर्टने खाल्लेला वेळ त्या दरात आलेलाच असतो. वरून पुन्हा 70 टक्के लावले तर तोच वेळ दोनदा कापला जातो. आणि यांचा एक पॉइंट एका दिवसाचा नाहीच, जवळपास पावणेदोन डेव्हलपर-दिवसांचा आहे. दुसऱ्या टीमचा तिसराच निघेल.

सोनेगाव_एक्स्प्रेस
दोनदा कापण्याचं पटलं. पण नवीन टीमकडे मागचे आकडेच नसतात, तिथे माझीच पद्धत कामी येते.

फुटाळा
हो, पहिल्या दोन-तीन स्प्रिंटपुरती. नंतर स्वतःचा इतिहास वापरावा.

बुटीबोरी_शिफ्ट
मी सॉफ्टवेअरचा नाही, बुटीबोरीला कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. धागा वाचून एक शंका आली. तुम्ही चार डेव्हलपरचे दिवस मोजले, पण माल शेवटी एकाच टेस्टरच्या हातून जातो ना? आमच्याकडे लेथ सहा आहेत आणि हीट ट्रीटमेंटची भट्टी एक. लेथवर कितीही माल काढा, दिवसाला भट्टीतून जेवढा निघेल तेवढाच डिस्पॅच होतो. भट्टी मेंटेनन्सला असेल त्या आठवड्याचा प्लॅन आम्ही भट्टीवरूनच करतो.

फुटाळा
अगदी बरोबर शंका काढलीत. मी डेव्हलपरवरून 16 काढले, पण टेस्टर या स्प्रिंटला पाचच दिवस आहे. मागचे 63 पॉइंट तिने 28 दिवसांत तपासले, म्हणजे दिवसाला सव्वादोन. पाच दिवसांत 11 होतील. म्हणजे 16 नाही, 11.

बिनचूक
मी बारा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे इथे बोलायलाच हवं. 11 सुद्धा जास्त आहे. टेस्टरचं सगळं काम पॉइंटच्या प्रमाणात वाढत नाही. प्रत्येक रिलीजआधी जुनं काही मोडलं नाही ना हे पाहावं लागतं, आणि त्या रिग्रेशनला पॉइंट पाच असोत की पंचवीस, वेळ तेवढाच लागतो. लिंबूझाड, तुमच्याकडे तो किती लागतो?

लिंबूझाड
आत्ताच विचारलं. दीड दिवस, दर स्प्रिंटला.

बिनचूक
मग असं होतं. मागच्या 28 दिवसांतून तीन रिग्रेशनचे साडेचार दिवस काढा. साडेतेवीस दिवसांत 63 पॉइंट, म्हणजे नव्या कामाचा तिचा दर दिवसाला सुमारे 2.7. या वेळी पाचातून दीड दिवस गेला, राहिले साडेतीन. गुणाकार केला तर 9 च्या आसपास. आणि रिग्रेशन डेव्हलपरांनी केलं तर तिचे पाचही दिवस नव्या कामाला मिळतात, म्हणजे 13. डेव्हलपरांचे दीड-दोन दिवस जातील, तरी त्यांच्याकडे 15 पॉइंट करण्याएवढे दिवस राहतात. त्यांचं तिथे अडणार नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिचे पाच दिवस कोणते आहेत ते बघा. पहिल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार, आणि दुसऱ्यात फक्त मंगळवार. मंगळवारी संध्याकाळी ती गेली की नवी स्टोरी तपासायला कुणी नाही. म्हणजे तुमचा स्प्रिंट कागदावर शुक्रवारी संपतो, पण नव्या कामासाठी तो मंगळवारीच संपला.

लिंबूझाड
हे माझ्या लक्षातच येणार नव्हतं. रजा मी फक्त दिवसांच्या संख्येत मोजत होतो.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
सगळे एक गोष्ट गृहीत धरत आहेत की टेस्टरकडेच अडतं. ते तपासलं का? ती अर्धा वेळ कामाची वाट पाहत बसत असेल तर 2.7 हा तिचा दर नाही, तो डेव्हलपर तिला काम किती देतात त्याचा दर आहे. बोर्डवर "टेस्टिंगसाठी तयार" या रकान्यात किती स्टोरी किती दिवस पडून होत्या ते बघा.

लिंबूझाड
बोर्डची हिस्टरी उघडली. मागच्या स्प्रिंटमध्ये पहिले तीन दिवस तो रकाना रिकामा. शेवटच्या तीन दिवसांत त्यात पाच स्टोरी एकदम. त्याच्या आधीच्या दोन स्प्रिंटमध्येही चित्र असंच.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
म्हणजे दोन्ही आहे. सुरुवातीला ती रिकामी, शेवटी तिच्यावर ढीग. स्टोरी मोठ्या असल्या की हेच होतं, कारण मोठी स्टोरी आठवडाभर डेव्हलपरकडे असते आणि मग एकदम येऊन आदळते. पट्टीची स्टोरी किती पॉइंटची धरली आहे?

लिंबूझाड
13. एकच स्टोरी: "अडत्याला शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापता आली पाहिजे."

फुटाळा
13 ची स्टोरी अशा स्प्रिंटमध्ये घेऊच नका. ती दुसऱ्या मंगळवारच्या आत टेस्टिंगला येणारच नाही. तोडा. पण "आधी डेटाबेस, मग स्क्रीन, मग प्रिंट" अशी तोडू नका, कारण त्यातला एकही तुकडा सुटा तपासता येत नाही. अडत्याला वापरता येईल असे तुकडे करा. एक शेतकरी, एकच लॉट, वजन गुणिले भाव, हमाली आणि तोलाई वजा, कागद बाहेर. पहिला तुकडा एवढाच. एका शेतकऱ्याचे अनेक लॉट हा दुसरा. उचल वजा करणं तिसरा. छापून झालेल्या पट्टीत दुरुस्ती हा चौथा, आणि तो सगळ्यात अवघड निघेल बघा.

लिंबूझाड
आज दुपारी टीमसोबत बसून तोडली. एक लॉट 3, अनेक लॉट 3, उचल वजा 2, दुरुस्ती 5, पट्टी व्हॉट्सअॅपवर पाठवणं 3. बेरीज 16 झाली! तोडल्यावर काम वाढलं की काय, असं एकाने विचारलं.

फुटाळा
काम आधीही तेवढंच होतं, ते 13 मध्ये दिसत नव्हतं. बेरीज जुळवत बसू नका.

झिरो_माईल
साइझिंगबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे सीनियर आधी बोलतो, "हे 3 चं आहे", आणि बाकी सगळे माना डोलावतात. तुमच्याकडेही असंच?

लिंबूझाड
आम्ही पत्ते झाकून ठेवतो आणि एकदम उघडतो. आजचीच गोष्ट सांगतो. "एक लॉट" या तुकड्याला तीन डेव्हलपरांनी 2 दाखवले, चौथ्याने 3, आणि टेस्टरने 8. कारण विचारलं तर म्हणाली, "अडत्यांच्या गाळ्यावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहेत. त्यावर मराठी अक्षरं साध्या टेक्स्टमध्ये उमटत नाहीत, सगळं चित्र म्हणून पाठवावं लागतं, आणि कागद सरकला की ओळी एकमेकींवर चढतात." चौघांनीही ऑफिसातला लेझर प्रिंटर धरला होता. शेवटी पहिल्या तुकड्यात साधा ए-फोर कागद ठेवला, डॉट मॅट्रिक्सचं वेगळं कार्ड केलं, आणि 3 वर सगळे आले.

झिरो_माईल
वा. सीनियर आधी बोलला असता तर 2 लिहून पुढे गेले असते.

बिनचूक
आणि स्प्रिंटच्या शेवटी टेस्टरने "वेळ लावला" असं म्हटलं गेलं असतं.

महाल_गल्ली
आमचं वेगळंच आहे. आम्ही तिघं, निम्मं काम सपोर्टचं. सकाळी ठरवलेलं दुपारी बदलतं. या गणिताचा आम्हाला काय उपयोग?

अंबाझरी_ओव्हरफ्लो
निम्मं काम अचानक येत असेल तर दोन आठवड्यांचं वचन देऊच नका. एका वेळी हातात किती कामं घ्यायची याला मर्यादा घाला, आणि एक काम आल्यापासून संपेपर्यंत किती दिवस लागतात ते मोजत राहा. तारीख त्यावरून सांगा. लिंबूझाड यांचा सपोर्ट दर स्प्रिंटला साधारण सारखा दिसतो, म्हणून त्यांचा दर टिकतो. तुमचा टिकणार नाही.

गोधनी_लोकल
म्हणजे मी 15 म्हटलं होतं ते 13 निघालं. लय लांब नोहतो मी.

लिंबूझाड
हाव ना! आता उद्या क्लायंटसमोर काय ठेवायचं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

उचल नोंदीची 5 ची स्टोरी मागच्या स्प्रिंटमधून राहिली आहे. कोड झाला आहे, तपासणी बाकी. ती सोमवारी सकाळीच टेस्टरकडे जाईल, म्हणजे पहिले दोन दिवस तिच्या हाताला काम आहे. दोन डेव्हलपर मिळून "एक लॉट" घेतील, बुधवारपर्यंत टेस्टिंगला. दुसरे दोघे "अनेक लॉट", गुरुवारी सकाळपर्यंत. "उचल वजा" दुसऱ्या मंगळवारी सकाळी तिच्या हातात असला पाहिजे, नाहीतर तो पुढच्या स्प्रिंटला. बुधवार-गुरुवारी रिग्रेशन डेव्हलपर करतील, टेस्टरने यादी लिहून दिली आहे. 5 अधिक 3, 3 आणि 2, एकूण 13. दुरुस्ती आणि व्हॉट्सअॅप या स्प्रिंटला नाही.

बिनचूक
रिग्रेशन करताना ज्याने कोड लिहिला त्याने स्वतःचा भाग तपासू नये, अदलाबदल करा. बाकी प्लॅन पटला. फक्त बुधवारी रिग्रेशनमध्ये बग निघाला तर दुरुस्त करायला गुरुवार-शुक्रवार मोकळे आहेत ना ते बघा. त्या दोन दिवसांत नवं काही सुरू करू नका.

अंबाझरी_ओव्हरफ्लो
मंगळवारची वाट पाहू नका. पहिल्या बुधवारी संध्याकाळी "एक लॉट" टेस्टिंगच्या रकान्यात नसेल तर त्याच दिवशी समजा की 13 होत नाहीत, आणि "उचल वजा" तेव्हाच बाहेर काढा. क्लायंटलाही तेव्हाच सांगा.

फुटाळा
क्लायंटला 13 पॉइंट हा शब्दच वापरू नका, त्याला पॉइंटशी देणंघेणं नाही. त्याला सांगा, "एका शेतकऱ्याची पट्टी, कितीही लॉट असोत, या स्प्रिंटच्या शेवटी छापता येईल." वचन एवढ्याचंच. उचल वजा होण्याचा अंदाज आहे, असं वेगळं सांगा. स्क्रम गाइडनेही 2011 मध्ये निवडलेल्या कामाबाबत वचनाऐवजी अंदाज म्हणायला सुरुवात केली, आणि 2020 च्या आवृत्तीत बांधिलकी स्प्रिंट गोलशी जोडली. 26 मागणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा त्यातल्या एकाच गोष्टीची घाई असते. ती कोणती हे विचारा.

लिंबूझाड
बोलणं झालं. त्याने हजेरीपट पाहिला, मारबतीच्या दिवशी त्याचा स्वतःचा गाळाही बंद आहे म्हणाला. मग विचारलं की पट्टीतलं काय नसेल तर अडेल. म्हणाला, "व्हॉट्सअॅप नंतर द्या, पण उचल वजा झाल्याशिवाय पट्टीचा उपयोग नाही, प्रत्येक शेतकऱ्याची उचल असतेच." तेव्हा क्रम बदलला. एक लॉट, मग उचल वजा, मग अनेक लॉट. वचन पहिल्या दोघांचं, अंदाज तिसऱ्याचा. 26 चा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आता एकच प्रश्न राहिला. ती उचल नोंदीची 5 ची स्टोरी या स्प्रिंटमध्ये 5 म्हणूनच लिहू की उरलेल्या कामापुरती 1 किंवा 2?

सोनेगाव_एक्स्प्रेस
उरलं तेवढंच लिहा. डेव्हलपरचं काम संपलं आहे, 5 लिहिले तर फुकटचे पॉइंट मिळतील.

फुटाळा
5 च ठेवा. मागच्या स्प्रिंटला तिचे शून्य मिळाले, या वेळी पूर्ण 5 मिळतील, तीन स्प्रिंटच्या सरासरीत ते जुळून जातं. दरवेळी उरलेलं मोजत बसलात तर अर्धवट कामाचे पॉइंट वाटायची सवय लागते.

बिनचूक
टेस्टरच्या बाजूने तर ती पूर्ण 5 चीच आहे, तिने अजून हातही लावलेला नाही.

सोनेगाव_एक्स्प्रेस
मग डेव्हलपर-दिवसांचा दर या स्प्रिंटला फुगलेला दिसेल त्याचं काय? पुढच्या वेळी त्याच दरावर जास्त काम कबूल कराल.

फुटाळा
एका स्प्रिंटचा दर घेतलात तर फसाल, म्हणून तीन घ्यायचे. पण स्पिलओव्हर दरवेळी असेल तर तुमचा मुद्दा खरा आहे, तेव्हा तीनची सरासरीही वाकडी येते.

लिंबूझाड
सध्या 5 ठेवतो, आणि शेजारी "मागून आलेली" अशी खूण करतो, म्हणजे दर दोन्ही पद्धतीने काढून बघता येईल. स्प्रिंट संपला की दोन्ही आकडे इथेच टाकतो.